मदत हवी आहे : वर्षाचा फिल्टर लावला की जुनी भावगीतं गळतात

आईच्या पंचाहत्तरीला तिच्या तरुणपणीची, रेडिओवर ऐकलेली शांत मराठी भावगीतं लावायची आहेत. साधारण ४० गाणी हवीत. मी स्ट्रीमिंग ॲपच्या शोधात हे टाकलं:

```
भावगीत year:1960-1975
```

हाती जेमतेम काही गाणी आली. नंतर कारण कळलं. ही गाणी ॲपवर बहुतेक संकलनांमधून आली आहेत आणि गाण्यापुढे त्या संकलनाचं वर्ष पडतं. त्यामुळे १९६५ चं ध्वनिमुद्रण २००४ चं दिसतं. वर्ष काढून टाकलं तर नव्या गायकांनी पुन्हा गायलेली तीच गाणी वर येतात, आणि आईला मूळ आवाजच हवा आहे.

भाषेसाठी वेगळा फिल्टर शोधात सापडला नाही. genre: लावला तर तो बहुधा कलाकाराला चिकटलेला असतो, म्हणून त्याच गायिकेची हिंदी गाणीही येतात. 'शांत'च्या तयार याद्यांत तर निम्मी भक्तिगीतंच.

सध्या artist: मध्ये एकेक मूळ गायक घालून, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधतेय. पण खरं वर्ष कुठून पडताळू? आणि मूळ ध्वनिमुद्रण न ऐकता ओळखायची काही खूण आहे का? कुणी अशी यादी केली असेल तर कृपया शोधाच्या पायऱ्यांचा क्रम सांगा.