मदत हवी आहे: तेच फेडर, तेच पॅन, तरी रीपरमध्ये गायक पुढे का येतो?

गोदाकाठचा_गिटारी:
आमचा पाच जणांचा बँड, नाशिकचाच. गंगापूर रोडवर मित्राच्या खोलीत एक गाणं रेकॉर्ड केलं आणि त्याच्या क्यूबेसवर मिक्स बसवला. गायक, बेस आणि किक मधोमध. दोनदा वेगवेगळी वाजवलेली गिटार पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. पेटी डावीकडे 35 आणि तिच्या समोर ढोलकी उजवीकडे 25. सगळे आकडे वहीत उतरवून घरी रीपरमध्ये तसेच्या तसे लावले, ट्रॅकही तेच. तरी गायक आणि बेस अंगावर येतात, गिटार मागे जातात. माझं काय चुकलं?

जुना_मिक्सर:
क्यूबेसचा आवाजच वेगळा असतो राव. रीपर मधला भाग जरा फुगवतं. मी तर कधीच सोडून दिलं.

फेडरवाले_काका:
फुगतो हे खरं, पण सॉफ्टवेअरच्या आवाजाचा त्यात काही संबंध नाही, हा पॅन लॉ आहे. मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून खोलीत तो साधारण 3 डीबीने मोठा वाटतो. ते भरून काढायला बरीच सॉफ्टवेअरं मध्यावर आवाज कमी करतात. क्यूबेसच्या `Project Setup` मध्ये `Stereo Pan Law` बघ, -3 किंवा `Equal Power` असेल. रीपर मुळात 0 वर असतं, म्हणजे मध्यावर काहीच कापत नाही.

तुझ्या गायकाचा फेडर समजा -4 वर आणि गिटारचा -9 वर आहे. क्यूबेसमध्ये डाव्या स्पीकरला गायक प्रत्यक्षात -7 ने पोचतो आणि गिटार -9 नेच, कारण पूर्ण कडेला कपात नसते. फरक 2 डीबी. रीपरमध्ये गायक -4 नेच जातो, फरक 5 झाला. फेडर मात्र दोन्हीकडे तेच दिसतात.

खात्री करायची तर एका मोनो ट्रॅकवर -18 चा सलग टोन मधोमध लाव आणि मास्टरचा मीटर बघ. क्यूबेसमध्ये दोन्ही बाजूंना -21 दिसेल, रीपरमध्ये -18.

मांडववाला:
आमच्या मंडळात दोन टॉप, दोन बेस, सगळं मोनोत. कडेला ठेवलेलं वाद्य दबतंच. तुम्ही पॅन करताच कशाला?

बेसुरी_बासरी:
मग सरळ -6 चा लॉ लावा, मोनोचा प्रश्नच मिटला.

फेडरवाले_काका:
@बेसुरी_बासरी अर्धं बरोबर. -6 वर नॉब फिरवला तर मोनोतली पातळी हलत नाही, हे खरं. पण स्टिरिओत तेच वाद्य कडेला नेताना मोठं वाटायला लागतं. मग तुम्ही कानाने त्याचा फेडर खाली आणता आणि मोनोत ते पुन्हा दबतं. शेवटी कानाने जुळवलेल्या मिक्सला लॉ कुठला होता याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पातळी जुळवून झाल्यावर पॅन हलवला तर, गाण्यात पॅन फिरत असेल तर, किंवा याच्यासारखे आकडे दुसरीकडे नेले तर.

@मांडववाला, तुमचा मुद्दा मात्र खरा. मोनोत मधली वाद्यं कडेच्या मानाने साधारण 3 डीबी वर येतात. म्हणून ज्याच्यावाचून गाणं अडेल ते पूर्ण कडेला ठेवू नये. गिटार दबली तर चालेल, मुखड्याआधीची पेटी दबली तर नाही. ढोलकीला दोन माईक असतील तर घुमणारं तोंड मध्यावर बेसजवळ ठेवा आणि फक्त शाईचं तोंड उजवीकडे न्या. मी तरी तसंच करतो, काहींना ढोलकी अशी फाडलेली आवडत नाही.

गोदाकाठचा_गिटारी:
काका, टोनवाली परीक्षा केली. हुबेहूब -21 आणि -18! `Project Settings` मध्ये `Advanced` वर जाऊन -3 केलं, गायक आणि गिटार जागेवर आले. पण पेटी अजून क्यूबेससारखी बसत नाही, जरा आत सरकल्यासारखी वाटते.

फेडरवाले_काका:
मध्य आणि दोन्ही टोकं जुळली, तरी मधल्या वाटेवर आवाज कसा उतरतो ते प्रत्येकाचं वेगळं. तिथे 35 म्हणजे 35 असं नसतं. वही मिटून ठेव आणि पेटी कानानेच सरकव, 45 च्या आसपास बघ. ढोलकीचंही तसंच. ती खटकली नाही याचंच मला नवल वाटतंय.

गोदाकाठचा_गिटारी:
ढोलकीवाल्याने अजून ऐकलंच नाहीये. रविवारी ऐकवतो.

जुना_मिक्सर:
टोन लावून मी पण बघतो. पण क्यूबेसचा आवाज वेगळाच.