फीडबॅकची तार जंपर करावी का? चिकटलेला कॉन्टॅक्टर आणि दोन चॅनलचा सेफ्टी रिले

वर्कशॉपचालक, भोसरी

आमच्या फीड रोलरला साडेसात किलोवॉटची मोटर आहे. काल इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर रोलर नीट थांबला, पण बटण सोडवून रीसेट दाबले तरी त्या बटणावर लक्ष ठेवणारा सेफ्टी रिले लागत नाही. दोन्ही चॅनलचे दिवे लागलेले आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो की मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या के-१ आणि के-२ या कॉन्टॅक्टरांकडून येणारी फीडबॅकची तार जंपर केली, म्हणजे त्यांना वगळून थेट जोडली, की लाइन लगेच सुरू होईल. दोन कॉन्टॅक्टर असताना ती तार खरोखर लागते का?

देखभाल अभियंता, चाकण

एका पाळीपुरते जंपर करायला माझी हरकत नाही. दोन्ही कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये आहेत, त्यामुळे रोलर न थांबण्यासाठी दोन्ही एकाच वेळी चिकटावे लागतील. बटणाला दोन स्वतंत्र कॉन्टॅक्ट आहेत आणि त्यांच्यावर रिलेचे लक्ष असतेच. फीडबॅकचा दोष बहुतेक वेळा त्याचे छोटे कॉन्टॅक्ट असलेल्या ऑक्झिलरी ब्लॉकमध्ये बसलेल्या धुळीचा असतो, हा माझा अनुभव आहे, आणि त्यासाठी आम्ही उत्पादनाचे तास विनाकारण गमावलेले आहेत.

पॅनेल रचनाकार, कोथरूड

धुळीचा मुद्दा खरा आहे. त्या कॉन्टॅक्टमधून फारच थोडा करंट जातो, त्यामुळे घाण साचली की तो दगा देतो. पण धूळ आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर यांचे लक्षण बाहेरून अगदी एकसारखेच दिसते, आणि मोजल्याशिवाय त्यांतले कोणते हे कोणालाही सांगता येणार नाही.

चॅनलचे दिवे फक्त बटणाबद्दल सांगतात. कॉन्टॅक्टर खरोखर सुटले की नाही, हे रिलेला दोघांचे एनसी, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटल्यावर बंद होणारे, कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये जोडलेल्या त्या एका तारेवरूनच कळते. मोटरचा करंट वाहणाऱ्या मुख्य पोलांपैकी एक जरी चिकटला तरी कॉन्टॅक्टरचा हलणारा भाग पूर्ण मागे येत नाही, आणि मिरर कॉन्टॅक्ट म्हणून उत्पादकाने जाहीर केलेला एनसी कॉन्टॅक्ट त्या स्थितीत बंद होऊच शकत नाही, अशी त्याची यांत्रिक रचना असते. त्यामुळे रीसेटचा मार्ग तुटलेला राहतो.

आता ही तार नाही असे समजा. काल के-१ चिकटला, के-२ सुटला, रोलर थांबला. तुम्ही रीसेट दिला की के-२ लागेल आणि रोलर नेहमीसारखा फिरेल. आवाजात, वेगात किंवा दिव्यांत काहीही फरक दिसणार नाही. मात्र त्या क्षणापासून सगळी भिस्त एकट्या के-२ वर असेल, आणि आधी दोघे मिळून जी आर्क तोडत होते ती आता तो एकटाच तोडत राहील. दोघांचे वय सारखे आणि काम सारखे, म्हणून ज्या कारणाने के-१ गेला त्याच कारणाने के-२ जाण्याची वेळही फार दूर नसते. "दोन्ही एकाच वेळी चिकटावे लागतील" हे म्हणणे म्हणूनच मला मान्य नाही. पहिला चिकटलेला कोणाला कळला नाही, तर दुसरा सावकाश चिकटला तरी पुरे.

देखभाल अभियंता, चाकण

एक पोल चिकटला तर मोटरला एकच फेज मिळेल आणि ती थांबेलच. दोन पोल चिकटले तर ती दोन फेजवर गुरगुरत चालेल, पण तेव्हा ओव्हरलोड रिले ट्रिप होईल. म्हणजे संरक्षणाचा आणखी एक थर आहेच.

पॅनेल रचनाकार, कोथरूड

पहिले वाक्य बरोबर आहे, आणि धोका त्यातच आहे. एक पोल चिकटल्याने काहीच बिघडलेले दिसत नाही, कारण मोटर थांबते. तेव्हा बोलतो तो फक्त मिरर कॉन्टॅक्ट. ओव्हरलोडचे मात्र तसे नाही. तो मोटरचा पुरवठा स्वतः तोडत नाही, कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडतो. ज्याचे पोल चिकटलेले आहेत त्याच्या कॉइलचा पुरवठा इमर्जन्सी स्टॉपने आधीच तोडलेला असतो, त्यामुळे ओव्हरलोडकडे तोडण्यासारखे काही उरतच नाही.

फर्निचर व्यवसाय, पिरंगुट

आमच्या करवतीचेही असेच होते. लाल बटण दाबले की पाते बराच वेळ फिरत राहते आणि मग थांबते. म्हणजे आमचाही कॉन्टॅक्टर चिकटला आहे का? तसे असेल तर मी आजच तुमच्यासारखा सेफ्टी रिले मागवतो.

पॅनेल रचनाकार, कोथरूड

दादा, पाते हळूहळू मंदावत थांबते म्हणजे पुरवठा तुटतो आहे. ते केवळ जडत्वाने फिरत असते. तुम्हाला ब्रेक हवा आहे. सेफ्टी रिलेने ते पाते एक क्षणही लवकर थांबणार नाही.

वर्कशॉपवाल्यांनी मुख्य आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावावे, पुरवठा नसल्याची खात्री करावी आणि मग के-१ चे तिन्ही पोल वरून खाली मल्टिमीटरने मोजावेत, तसेच के-२ चे. सुटलेल्या पोलावर मीटर सलगता दाखवणार नाही. त्यानंतर २१-२२ या एनसी कॉन्टॅक्टची एका टोकाची तार सोडवून तोही मोजावा. सगळे पोल सुटलेले असूनही २१-२२ जोडलेला दिसला नाही, तर चाकणच्या सरांची धूळ खरी ठरेल आणि ब्लॉक बदलून काम भागेल.

वर्कशॉपचालक, भोसरी

मोजले. के-१ चा मधला पोल पूर्ण जोडलेला आहे, बाकीचे दोन सुटलेले आहेत. के-२ ठीक आहे. पण हा कॉन्टॅक्टर अठरा अँपिअरचा आहे आणि मोटर पंधरा अँपिअर घेते, मग तो चिकटलाच कसा? पत्रा जुळवताना ऑपरेटर रोलर थोडाथोडा पुढे सरकवतो, ते याच दोन कॉन्टॅक्टरांनी होते.

पॅनेल रचनाकार, कोथरूड

कारण बहुधा तेच आहे. अठरा अँपिअर हा आकडा एसी-३ कामाचा असतो, म्हणजे मोटर वेग घेतल्यावर तोडण्याचा. असे थोडेथोडे सरकवण्यात, म्हणजे इंचिंगमध्ये, मोटरला वेग येण्याआधीच पोल सुटतात, आणि तेव्हा पूर्ण भाराच्या सहापट, म्हणजे सुमारे नव्वद अँपिअर तोडावे लागतात. त्या कामाचा आकडा कॅटलॉगमध्ये एसी-४ खाली पाहावा. इंचिंगसाठी वेगळा कॉन्टॅक्टर देऊन के-१ आणि के-२ फक्त सुरक्षेसाठी ठेवले, तर ते क्वचितच करंट तोडतील. दोघेही नवे घ्यावेत, कारण के-२ नेही तेवढाच मार खाल्लेला आहे.

देखभाल अभियंता, चाकण

जंपरचे म्हणणे मी मागे घेतो. पण मॅडम, मोटरच्या केबलमध्ये शॉर्ट झाला तर तोच करंट दोन्ही कॉन्टॅक्टरांतून जातो. दोन्ही एकदम चिकटले, तर फीडबॅक सांगेल ते लाइन न थांबल्यानंतरच.

पॅनेल रचनाकार, कोथरूड

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला फीडबॅक हे उत्तर नाही. त्यासाठी फ्यूज हा कॉन्टॅक्टरच्या उत्पादकाच्या तक्त्यातूनच निवडावा लागतो. त्यातही टाइप-२ कोऑर्डिनेशन, म्हणजे शॉर्टनंतरही कॉन्टॅक्टर वापरण्याजोगा राहील अशी जोडी, पाहून समाधान मानू नये, कारण सहज सुटतील इतके हलके चिकटणे त्यात चालते. शॉर्टनंतर दोन्ही कॉन्टॅक्टर उघडून पाहिल्याशिवाय मी लाइन चालू करू देत नाही.

दुसरी मर्यादा अशी की रिले फीडबॅक पाहतो तो रीसेटच्या वेळी. लाइन महिनोन्महिने थांबलीच नाही, तर तो प्रश्नच विचारत नाही. गार्डच्या इंटरलॉकसाठी आयएसओ १४११९ या मानकात सुरक्षेची पातळी सर्वांत वरची, म्हणजे पीएल-ई, असल्यास महिन्यातून एकदा आणि कॅटेगरी-३ रचनेच्या, त्याखालच्या पीएल-डी साठी वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. तोच अंतराचा हिशोब मी इमर्जन्सी स्टॉपलाही लावते.

देखभाल अभियंता, चाकण

वर्षाचे अंतर मला फार वाटते. आमच्याकडे दर सोमवारी पहिली पाळी सुरू होताना बटण दाबतात.

पॅनेल रचनाकार, कोथरूड

दाबा, पण रोलर थांबलेला असताना. भारावर दर आठवड्याला तोडण्याने कॉन्टॅक्टची झीज वाढते, आणि चिकटलेला पोल ओळखायला करंट वाहत असण्याची गरज नसते.

देखभाल अभियंता, चाकण

मोटर फिरत असतानाच ती थांबते की नाही हे मला पाहायचे असते. यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते.

वर्कशॉपचालक, भोसरी

नवे कॉन्टॅक्टर उद्या येतील. ते बसवल्यावर फीडबॅकची तार मुद्दाम सोडवून रीसेट दाबून पाहणार आहे. रिले लागला, तर जंपर आधीच कुठेतरी आत बसवलेला आहे असे समजून पूर्ण पॅनेल उघडेन.