राउटर बदलल्यावर इंटरनेट बंद : जुना मॅक ॲड्रेस कसा शोधावा?

नमस्कार. देवगडजवळच्या आमच्या घरी स्थानिक केबलचालकाची फायबर जोडणी असून, वळवाच्या विजांमध्ये जुना राउटर जळाल्यामुळे नवा बसवला आहे. फायबरच्या डब्यावरील PON दिवा स्थिर हिरवा आहे आणि LOS बंद आहे, म्हणजे तार शाबूत आहे. तरीही नव्या राउटरच्या WAN पानावर आयपी म्हणून 0.0.0.0 एवढेच दिसते. लॅपटॉप थेट त्या डब्याला जोडला तरी आयपी मिळत नाही, त्यामुळे दोष नव्या राउटरचा नसून कंपनीकडे अजून जुन्याच यंत्राचा मॅक ॲड्रेस नोंदलेला असावा, असे मला वाटते. तो बदलण्याची विनंती केली आहे. परंतु कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि उत्तर आपल्या कोकणी सवडीने येणार.

तोवर नव्या राउटरमधील MAC Clone या सोयीने जुना पत्ता द्यावा म्हटले, तर जुन्या राउटरच्या तळाशी 3F ने संपणारा एकच पत्ता छापलेला आहे आणि तो देऊनही आयपी आला नाही. काही राउटरांत छापलेला पत्ता घरातील जाळ्याचा असतो आणि WAN चा त्याच्या पुढचा किंवा मागचा असतो, असे वाचले आहे. हे अंक षोडशमान पद्धतीचे असल्याने 3F नंतर 40 आणि आधी 3E येईल, हे बरोबर ना? जुना राउटर सुरूच होत नसताना त्याचा WAN पत्ता खात्रीने कळण्याचा आणखी काही मार्ग आहे का? तसेच पत्ता बदलल्यावर फायबरचा डबाही बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो का?