मदत हवी आहे: पत्रिकेत अभंगाखाली नाव नेमकं कुणाचं टाकायचं?

टाळकरी_गंगाखेड

राम कृष्ण हरी माऊली. आमच्या भजनी मंडळाचा कार्तिकीला कार्यक्रम असतो, दरवर्षी चार पानी पत्रिका छापतो आन दोन वर्षं झाली यूट्यूबवर व्हिडिओ पण टाकायलोय. मागच्या साली मी पत्रिकेत "अवघा रंग एक झाला" पुढं संत चोखामेळा छापलं, कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारे काका जवळ आले आन म्हणले, बाबा हा अभंग चोखोबांचा नाही, त्यांच्या घरच्या माणसाचा आहे, तुम्ही तिचं नाव खाल्लं. मला रात्रभर झोप नाही आली. पाचशे पत्रिका वाटून झालेल्या होत्या, काय करणार.

यंदा चूक करायची नाही. चार रचना आहेत: "अवघा रंग एक झाला", "तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल", "इंद्रायणी काठी" आन जनाबाईचा एक अभंग जो आमच्या मंडळात जुन्या चालीवर म्हणतात. मंडळातले बाकीचे म्हणायलेत सगळ्यापुढं "पारंपरिक" लिहून मोकळं व्हा. पत्रिका सोमवारी प्रेसला द्यायचीय. कुणी सांगेल का, शब्द कुणाचे, चाल कुणाची हे वेगळं लिहायचं असतं का आन कसं शोधायचं?

हार्मोनियम_जालना

दादा एवढं टेन्शन कामून घेता. संतांना जाऊन शेकडो वर्षं झाली, त्यावर कॉपीराईट नाही, सगळं पारंपरिकच आहे. फार तर गायकाचं नाव टाका. तीर्थ विठ्ठल म्हणजे भीमसेनजी, अवघा रंग म्हणजे किशोरीताई, लोकांना तेवढं कळतं.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

जालन्याच्या दादांचं अर्धं बरोबर आहे. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण चाल शब्दांइतकी जुनी असेलच असं नाही. "तीर्थ विठ्ठल" चे शब्द संत नामदेवांचे, आपण जी चाल म्हणतो ती राम फाटकांची, आन भीमसेनजींनी ती गायली. एका अभंगात तीन माणसं आहेत आन पत्रिकेत फक्त गायकाचं नाव गेलं की फाटक साहेब कायमचे गायब होतात. "माझे माहेर पंढरी" ची गोष्ट पण तीच, शब्द नाथांचे आन चाल फाटकांची. गायक म्हणजे संगीतकार नव्हे, इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. किशोरीताईंचं मात्र वेगळं, "अवघा रंग" ची चाल त्यांचीच आहे, त्यामुळं तिथं चालीपुढं त्यांचं नाव येईल.

आता तुमच्या काकांचं. शेवटचं कडवं म्हणून बघा, "म्हणे चोखियाची महारी". चोखोबा स्वतः बोलत असते तर "चोखा म्हणे" आलं असतं. इथं चोखोबांची बायको बोलतीय, म्हणजे संत सोयराबाई. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यात "चोखिया" भरतं आन तेच छापलं जातं. जनाबाईचं पण असंच होतं, "नामयाची जनी" वाचून लोक नामदेव लिहितात. "एका जनार्दनी" असलं की कुणी जनार्दन स्वामी लिहून टाकतं, ते तर नाथांचे गुरू, देवगिरीवाले. म्हणून नाव टाकायच्या आधी शेवटचं कडवं मोठ्यानं वाचायचं, कोण म्हणतंय आन कुणाचं नाव नुसतं घेतलंय ते बघायचं.

टाळकरी_गंगाखेड

मास्तर, अंगावर काटा आला. आमच्याच गंगाखेडच्या जनाबाई आन त्यांचंच नाव चुकलं असतं तर! मग "इंद्रायणी काठी" ला संत ज्ञानेश्वर का? त्यात शेवटी कुणाची मुद्राच सापडंना.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

मुद्रा नाही तिथंच थांबायचं, कारण तिथं रचना नंतरची असू शकते. "इंद्रायणी काठी" ग. दि. माडगूळकरांची आहे, 1953 च्या "गुळाचा गणपती" सिनेमातली, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. गदिमांनी अशी भाषा बसवलीय की लोकांना संतवाणीच वाटते, म्हणून ज्ञानोबांच्या नावावर सर्रास चालते. "कानडा राजा पंढरीचा" पण गदिमांचंच, संगीत सुधीर फडक्यांचं. इथं "पारंपरिक" लिहिलं तर ते साफ खोटं होईल. गदिमा 1977 ला गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. पु. ल. 2000 ला गेले म्हणजे चालीवरचा त्याहून पुढं.

सुगमताई_नांदेड

माझ्या मुलीच्या गाण्याच्या व्हिडिओवर यूट्यूबनं क्लेम टाकला हो, मी तर खाली संतांचं, संगीतकाराचं, गायकाचं सगळं नाव लिहिलं होतं. मग नाव देऊन काय उपयोग झाला? तुमचा प्रश्न पण हाच आहे ना?

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

ताई, तो प्रश्न वेगळा. नाव देणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. तुम्ही कॅसेटवरचा ट्रॅक मागं वाजवला का? रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीचा असतो. ह्या दादांनी स्वतःच्या पेटी-पखवाजावर म्हटलं तरी फाटकांच्या किंवा पु.लं.च्या चालीवर क्लेम येऊ शकतो. तरीपण नाव टाकायचंच, कारण ज्याचं आहे त्याचंच ते.

सुगमताई_नांदेड

हो, ट्रॅकच वाजवला होता. आता समजलं.

पखवाज_परभणी

गाथेचा नंबर पण द्या बरं का. पण आवृत्तीचं नाव लिहिल्याशिवाय नंबराला अर्थ नाही, एका गाथेत जो 300 आहे तो दुसऱ्या गाथेत भलत्याच ठिकाणी सापडतो. आमच्या मंडळात एका अभंगाचे दोन चरण वेगळे म्हणतात, गाथेत तसे नाहीतच, तेव्हा आम्ही "पाठ मंडळाच्या परंपरेप्रमाणे" असं लिहितो. आन नामदेवांच्या बाबतीत एक विचारायचंय मास्तर, नरसीच्या नामदेवांचे अभंग आन नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग गाथेत एकत्र झालेत म्हणतात, मग "नामा म्हणे" वरून खात्री कशी करायची?

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

बरोबर धरलंत. तिथं मुद्रा पुरत नाही, अभ्यासक पण सगळ्या अभंगांवर एकमत झालेले नाहीत. मी "नामदेव गाथेतून" असं लिहितो, आन गाथा कुठली ते सांगतो. म्हणजे मी काय बघून लिहिलं ते वाचणाऱ्याला कळतं.

टाळकरी_गंगाखेड

मी असं लिहिलंय, कुणी तपासा. व्हिडिओखाली पण हेच टाकणार, प्रत्येकापुढं मिनिट-सेकंद घालून.

अवघा रंग एक झाला. शब्द: संत सोयराबाई. चाल: किशोरी आमोणकर. गायन: आमचं मंडळ.
तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल. शब्द: नामदेव गाथेतून (घरातल्या प्रतीचं नाव, साल, अभंग क्रमांक). चाल: राम फाटक.
इंद्रायणी काठी. शब्द: ग. दि. माडगूळकर. संगीत: पु. ल. देशपांडे. "गुळाचा गणपती", 1953.
जनाबाईचा अभंग. शब्द: संत जनाबाई. चाल: पारंपरिक.

हार्मोनियम_जालना

आता पटलं, माझं चुकलं होतं. पण ह्या शेवटच्या ओळीवर मला शंका आहे. ती चाल खरंच कुणाची नाही का? आमच्या गावात एक चाल सगळे पारंपरिक समजत होते, मग कळलं शेजारच्या गल्लीतल्या एका पेटीवाल्या काकांनी बसवलेली होती, काका अजून हयात आहेत.

टाळकरी_गंगाखेड

अरे देवा. आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या बुवांना विचारतो. ते म्हणतात त्यांच्या गुरूकडून ऐकली, गुरूंनी कुठून घेतली ते त्यांना माहीत नाही. तेवढंच लिहू का, "बुवांच्या गुरूंकडून आलेली चाल"?

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

लिहा. बुवांचं आन गुरूंचं दोन्ही नाव टाका, त्यांना विचारून. आन प्रेसवाल्याला प्रूफ मागा, सोयराबाईचं नाव स्वतः एक एक अक्षर वाचा.