मदत हवी आहे: कथेतली टेस्टर नेमकी कशावर अडून बसेल?

पागोळी: कथा लिहितेय. अंधेरीतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी, पतपेढ्यांच्या पिग्मी एजंटांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवते. मार्चअखेर आहे. सेल्स हेडने दादरच्या एका पतपेढीला ३१ तारखेचा शब्द दिलाय, कारण तिथून येणारा हप्ता याच वर्षात दाखवायचाय. टेस्टर सही करत नाही. इथवर जमलं. पण बग कुठला घेऊ? 'अ‍ॅप बंद पडतं' म्हटलं तर ते सोडायचं नाही हे कुणालाही कळतं, मग सेल्स हेड मूर्ख ठरतो. मला तो मूर्ख नकोय. आणि तिने सही नाही केली तर रिलीज खरंच थांबतं का?

शिवडीकर: ताई, राजीनामा अजिबात देऊ नका. मला असंच छळून काढलं, नोटीस पीरियडचे पैसेही कापले. सगळे मेल स्वतःकडे ठेवा आणि वकील गाठा.

पागोळी: अहो दादा, मी टेस्टर नाही हो, कथा आहे! पण मेलचं लक्षात ठेवते.

मीठागर: दुहेरी नोंद घ्या. एजंट एखाद्या तळघरातल्या दुकानातून दोनशे रुपये घेतो आणि 'जमा' दाबतो. नोंद सर्व्हरवर पोचते, पण 'मिळाली' हे उत्तर परत येताना रेंज जाते. अ‍ॅपला वाटतं गेलीच नाही, म्हणून रेंज आल्यावर ते पुन्हा पाठवतं. सर्व्हर नवा पावती क्रमांक देऊन दुसरी नोंद करतो. खात्यावर चारशे, एजंटच्या पिशवीत दोनशे. संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि फरक त्याच्याच खिशातून जातो. शेकड्याला दोन-तीन रुपये कमिशन धरलं, तर ते दोनशे भरून काढायला सात ते दहा हजारांची वसुली लागते.

ऑफिसच्या वायफायवर हा सहसा दिसत नाही. त्यामुळे डेव्हलपर 'माझ्याकडे होत नाही' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुमच्या बाईने फोन आणि सर्व्हरच्या मध्ये प्रॉक्सी लावावा, विनंती जाऊ द्यावी आणि फक्त उत्तर अडवावं. मग हमखास होतो. नुसता एअरप्लेन मोड लावला तर बऱ्याचदा विनंतीच जात नाही आणि सगळं छान वाटतं.

कांदेपोहे: एवढंच ना? त्याच खात्यात तीच रक्कम पाच मिनिटांत पुन्हा आली तर नाकारा. तासाभराचं काम, कथा खलास.

मीठागर: रेंज पाच मिनिटांत येते असं कोण म्हणालं? कधी एजंट घरी पोचल्यावर येते. बरं, मुदत दिवसभराची केलीत आणि दुकानदाराने संध्याकाळी खरंच आणखी दोनशे दिले, तर ती खरी रक्कम नाकारली जाणार. मग तो पतपेढीत येऊन तमाशा करेल, आणि बरोबरच करेल. नीट उपाय म्हणजे पैसे घेताना फोननेच एक क्रमांक तयार करायचा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा. सर्व्हरला तो आधी मिळालेला असेल तर त्याने नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यायची. पण यात फोन आणि सर्व्हर दोन्हीकडे बदल, म्हणजे जमा-खर्चाचं टेस्टिंग पुन्हा. ३१ तारीख हुकली. तुमचा तासाभराचा उपाय मात्र सेल्स हेडच्या तोंडी शोभेल, तो खरंच पटण्यासारखा आहे.

आता सही. टेस्टरच्या सहीवाचूनही रिलीज जातं. ती सही म्हणजे परवानगी नाही, काय तपासलं आणि काय सापडलं याचं निवेदन आहे. निर्णय वरचा माणूस घेतो. म्हणून सेल्स हेड 'सही कर' असं सरळ म्हणणार नाही. तो चहा मागवेल आणि म्हणेल, 'हे क्रिटिकलचं मायनर कर ना, पुढच्या पॅचमध्ये घेऊ.' बग नोंदवायच्या जिरा या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, कशाचं काय केलं ते हिस्टरीत राहतं, हे तिला माहीत आहे. ती उलट त्याला कागद देते: 'दुहेरी नोंदीचा धोका माहीत असून सोडत आहोत', खाली त्याच्या नावाची जागा. तो पेन उचलत नाही. माझ्या मते कथा इथे आहे.

पागोळी: हे फारच उपयोगी आहे! आणि त्याने 'फक्त पाच एजंटांना देऊ' अशी तडजोड सुचवली तर?

मीठागर: ती वाजवी आहे, पण रोज संध्याकाळी त्या पाचांच्या पावत्या रोकडीशी कुणीतरी हाताने ताडून बघायला हव्यात. एकच खाते, एकच रक्कम, दोन पावती क्रमांक असं दिसलं की फोन करून विचारायचं. ते कोण करणार हे ठरलं तर मी सही केली असती.

कांदेपोहे: मी नसती केली. पाच एजंट म्हणजेही पाच माणसंच. आणि मुळात पतपेढीला हे कळायला नको का? तिने थेट त्यांच्या मॅनेजरला फोन करावा.

मीठागर: तो फोन तिने केला तर नोकरी गेलीच समजा. आधी तिच्या मॅनेजरकडे लेखी जाऊ दे.

शिवडीकर: तेच तर मी म्हणत होतो, मेल ठेवा.