शब्दचर्चा: 'इंटरमिटंट डिमांड'ला मराठीत काय म्हणायचं?

वागळे_स्टोअर: मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्पेअरचं स्टोअर सांभाळते. स्टोअरच्या मुलांसाठी मराठीत एक पान लिहायचंय, त्यात इंटरमिटंट डिमांडला, म्हणजे कधीतरीच लागणाऱ्या पार्टच्या मागणीला, 'खंडित मागणी' लिहिलं तर एकाने विचारलं, ताई मागणी कोणी तोडली? उदाहरण पंपाच्या सीलचं दिलंय. गेल्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारी शून्य, मार्चला ३, मग तीन महिने काही नाही, जुलैत २, ऑक्टोबरमध्ये ४, बाकी सगळं शून्य, म्हणजे वर्षात ९ नग. शब्द सुचवा.

घणसोली_एक्सेल: अनियमित मागणी. सोपं आहे. आणि अचूकता मोजायला मेप घ्या, म्हणजे दर महिन्याची चूक त्या महिन्याच्या खपाच्या किती टक्के त्याची सरासरी, टक्क्यांत येतं, साहेबांना पण कळतं. फक्त शून्याचे महिने काढून टाका, नाहीतर भागाकारात शून्य येऊन एक्सेल एरर देतं.

तुर्भे_मिक्सरवाला: खंडित मागणी आमच्याकडे रोजचीच आहे, लाइट गेली की गिऱ्हाईक येत नाही, दुकान बंदच ठेवावं लागतं.

वागळे_स्टोअर: दादा, लाइटचा विषय नाहीये, पार्ट कधीतरीच लागतो त्याबद्दल आहे.

कळव्याचे_काका: 'खंडित' म्हटलं की आधी सलग चालू होतं आणि मग तुटलं असं वाटतं, वीजपुरवठा खंडित म्हणतो तसं. सीलची मागणी कधी सलग नव्हतीच, त्या मुलाचा कान बरोबर आहे. 'अनियमित' पण नको, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात: मागणी कधी येते आणि आली की किती येते. तुमचं सील आलं की २, ३, ४ असंच येतं, नगांत फार फरक नाही, फक्त मधे गॅप मोठे आहेत. याला मी 'अधूनमधूनची मागणी' म्हणेन. दर महिन्याला जातं पण कधी २ कधी ४०, ती 'लहरी'. आणि गॅपही मोठे, नगही वाटेल तेवढे, त्याला प्लॅनिंगवाले लम्पी म्हणतात, त्याला मला चांगला शब्द सापडलेला नाही.

घणसोली, तुझा मेपचा सल्ला मात्र धोक्याचा आहे रे. याच सीलवर करून बघ. शून्याचे महिने काढले की उरतात ३, २, ४. आता दर महिन्याला ३ असा अंदाज दिला तर चूक येते शून्य, ५० आणि २५ टक्के, सरासरी २५. एकदम छान दिसतं! पण वर्षाचा अंदाज झाला ३६ आणि गेले ९, उरलेले २७ सील रॅकवर पडून राहणार.

घणसोली_एक्सेल: ओके काका, मग सगळे महिने ठेवून नुसती सरासरी चूक घेतो, टक्के नको. प्लस-मायनस सोडून फरक, भागिले १२. चालेल ना?

कळव्याचे_काका: त्यात उलटा खड्डा आहे. कायम शून्य असा अंदाज दे, चूक ९ भागिले १२, म्हणजे ०.७५. आता खरी सरासरी, महिन्याला ०.७५ नग, हा अंदाज दे, तर चूक १.१३ येते. म्हणजे 'काहीच लागणार नाही' म्हणणारा जिंकला, कारण १२ पैकी ९ महिने शून्य आहेत आणि हे माप आकडे क्रमाने लावले की मधोमध येणाऱ्या आकड्याला बक्षीस देतं. चुकांचा वर्ग करून, त्यांच्या सरासरीचं वर्गमूळ घेऊन आरएमएसई काढलास तर शून्याला १.५५ आणि ०.७५ ला १.३६, इथे मात्र सरासरीवाला पुढे. डेटा तोच, पण तीन मापांनी तीन वेगळे अंदाज निवडले. म्हणून मी आरएमएसईसोबत बायस बघतो, म्हणजे वर्षभराच्या एकूण अंदाजातून एकूण खप वजा. आणि साठा ठरवायला लीड टाइमची खिडकी, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या काळात किती लागतं ते. ताई, सील यायला किती दिवस?

वागळे_स्टोअर: दोन महिने.

कळव्याचे_काका: मग लागून दोन-दोन महिन्यांच्या ११ जोड्या बनतात, त्यातल्या ६ मध्ये सील गेलंय, जास्तीत जास्त ४. स्टॉक याच्यावरून ठरवायचा, महिन्याच्या अंदाजावरून नाही. एका वर्षावर फार विसंबू नका पण, जुना डेटा असेल तर तोही घ्या.

रबाळे_मेंटेनन्स: आमच्याकडे क्रॉस्टनची पद्धत लावलेली, १९७२ सालची, नग वेगळा आणि गॅप वेगळा स्मूद करून भागाकार. एक कॉम्प्रेसर भंगारात गेला तरी त्याच्या व्हॉल्व्ह किटचा अंदाज दोन वर्षं तसाच दिसत होता, आम्ही मागवत राहिलो. कुणालाच कळेना का.

कळव्याचे_काका: कारण ती पद्धत अंदाज बदलते फक्त मागणी आली की. मागणी आलीच नाही तर जुना आकडा तसाच राहतो. दर महिन्याला 'मागणी यायची शक्यता' अपडेट करणारी टीएसबी पद्धत आहे, तिच्यात शून्य येत राहिले की अंदाज हळूहळू खाली येतो. पण मशीन काढल्याचा निरोप स्टोअरला त्याच दिवशी मिळाला असता तर त्याचीही वाट बघावी लागली नसती.

वागळे_स्टोअर: पानावर 'अधूनमधून लागणारे पार्ट' लिहिलं, मुलांना लगेच कळलं. साहेब मात्र मेपचाच एक आकडा मागतायत, उद्या त्यांना ३६ आणि ९ दाखवते. काका, लम्पीला 'गठ्ठ्याने येणारी' चालेल का?

कळव्याचे_काका: गठ्ठा म्हटल्यावर नगांचं कळतं, गॅपचं नाही. अजून कोणी सुचवा.