पेज बंद करून मालकानेच बोलावं का?

घाणा_सांगली: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल विकते. पेजवर टाकलेलं कुत्रंही बघत नाही, माझ्या स्वतःच्या अकाउंटवर तेच टाकलं की लोक तुटून पडतात. छोट्या धंद्याने पेज बंद करावं आणि मालकाने स्वतः बोलावं. माझा निर्णय झालाय. पटत नसेल त्यांनी सांगा.

शेंगोळे: नाही पटत. "पेज मेलं" हे ऐकून कान किटले, म्हणून सविस्तर लिहितो. ताई, "तेच टाकलं" हे खरं नाही, मी दोन्हीकडे बघून आलो. पेजवर संकष्टीच्या, दसऱ्याच्या शुभेच्छा आणि डब्याचा फोटो. तुमच्या अकाउंटवर ओल धरलेल्या शेंगांचं पोतं तुम्ही व्यापाऱ्याला परत करताय तो व्हिडिओ. मूठभर शेंगा फोडून आतला काळा दाणा दाखवलाय. तो कोणीही बघेल! तोच पेजवर टाकून पाहिलात का?

फेसबुकने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं की मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट पेजच्या आधी दाखवणार. तेवढं तुमचं बरोबर. पण उद्या भागीदार आला किंवा धंदा विकला, तर तुमचं अकाउंट त्याच्या हातात देणार का? पेजवर चार जणांना अधिकार देता येतात.

रविवारपेठ: लोक माणसाकडून घेतात, लोगोकडून नाही. माझ्या काकांचं किराणा दुकान चाळीस वर्षं त्यांच्या तोंडावर चाललं. पेज हवं कशाला?

शेंगोळे: काकांना रात्री अकरा वाजता तीनशे किलोमीटरवरून "डबा गळका आला" असा मेसेज येत नव्हता. तक्रारीला मालक स्वतः उतरला की काय होतं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसलं. ओलाच्या धूळ खात पडलेल्या स्कूटरींचा फोटो कुणाल कामराने टाकला, भाविश अगरवाल स्वतःच्या अकाउंटवरून त्याला भिडले. दुसऱ्या दिवशी शेअर चांगलाच घसरला. पेजवरून "गाडीचा नंबर द्या, बघतो" एवढंच उत्तर गेलं असतं तर?

रविवारपेठ: शेअर बाजारातली कंपनी आणि सांगलीचा घाणा एकाच मापात मोजू नका.

आंबेवाली: पेजचं कौतुक पुरे झालं. आमचं पेज एजन्सीने त्यांच्याच बिझनेस खात्यात उघडलं होतं. बिलावरून बिनसलं आणि ऐन हंगामात आम्ही बाहेर. जुने ग्राहक तिथेच मेसेज करत राहिले, आम्हाला वाचताही येईना. माझं स्वतःचं अकाउंट होतं म्हणून पेट्या गेल्या.

जाहिरातवाला: एजन्सीला शिव्या घालणं सोपं आहे. तीन-तीन महिने बिल थकवतात त्यांचं काय? आमची पोरं फुकट राबायची का?

आंबेवाली: बिल थकलं म्हणून दुकानाची किल्ली ठेवून घेणार? हा कुठला न्याय!

जाहिरातवाला: ठेवू नये, मान्य. पण किल्ली तुम्हीच दिलीत. फोटो पाठवून मोकळे झालात.

शेंगोळे: दोघेही थांबा. पेज पहिल्यापासून मालकाच्या बिझनेस खात्यात असावं आणि एजन्सीला पार्टनर म्हणून फक्त पोस्ट-जाहिरातीपुरता अधिकार द्यावा. `Business settings` मध्ये `Pages` उघडून मालक म्हणून कोणाचं नाव दिसतं ते आजच बघा. एजन्सीचं दिसलं तर संबंध गोड आहेत तोवर बदलून घ्या. आणि पूर्ण अधिकार घरातल्या दोघांकडे ठेवा, एकाचं खातं हॅक झालं तरी दुसरा आत असतो.

घाणा_सांगली: माझा प्रश्न राहिला बाजूलाच. बाळंतपणात माझा फोन सासूबाईंकडे होता. ऑर्डरी माझ्या खाजगी इनबॉक्समध्ये, त्यातच माहेरचे मेसेज. त्यांनी फोन बंद करून ठेवला. ही अडचण आहे, मान्य करते. पण गोष्ट मीच सांगणार, पेजला ती जमत नाही.

शेंगोळे: सांगा की, मुख्य आवाज तुमचाच राहू दे. फक्त भाव, ऑर्डर आणि तक्रार पेजवर. इन्स्टाग्रामवर व्हिडिओ पेजवरून टाका आणि स्वतःला कोलॅब म्हणून जोडा. दोन्हीकडे एकच पोस्ट दिसते, लाइक-कॉमेंट एकत्र. सुरुवात पेजवरूनच करा, कारण ज्याने टाकली त्याने ती काढली की दोन्हीकडून जाते.

आणि लाइक मोजू नका. व्हॉट्सॲपच्या दोन लिंक करा, `?text=` पुढे एकीत "पेजवरून" आणि दुसरीत "ताईंकडून" असं लिहा. ग्राहकाच्या पहिल्याच मेसेजमध्ये तो शब्द आपोआप येतो, बहुतेक जण तो खोडत नाहीत. दिवाळीपर्यंत डबे कुठून गेले ते वहीत मांडा.

रविवारपेठ: वहीत ताईंचंच नाव जास्त निघणार, लिहून ठेवा.

शेंगोळे: निघेलही. पण ज्याने व्हिडिओ ताईंकडे बघितला आणि महिन्याने पेजवरून डबा मागवला, तो कोणाच्या खात्यात धरायचा?

घाणा_सांगली: तो माझाच. पेज तूर्त बंद करत नाही, पण संकष्टीच्या शुभेच्छा आजपासून बंद.